आखूड केसांची लांबी काय सांगते

नऊ वर्षांची एक मुलगी आहे असं समजू. शाळेत जायच्या घाईत आई वेणी घालायला बसते आणि उजव्या बाजूला, टाळूच्या जरा पुढे, तिच्या बोटांना केस विरळ लागतात. बघते तर तिथे रुपयापेक्षा मोठा, वेडावाकडा पट्टा झालेला. शेजारीण म्हणते, चाई पडली असेल. केमिस्ट म्हणतो, गजकर्ण दिसतंय, आणि एक ट्यूब देतो. महिनाभर ट्यूब चोळून होते, मग कांद्याचा रस होतो, पण पट्टा आहे तसाच राहतो. मुलीला विचारलं तर ती म्हणते, "मला काहीच माहीत नाही."

लहान मुलांच्या डोक्यावर असा पट्टा दिसला की तीन शक्यता प्रामुख्याने तपासाव्या लागतात. मूल स्वतःच केस उपटत असेल, चाई असेल, किंवा डोक्यात गजकर्णाची बुरशी शिरली असेल. तिन्हींचे उपचार एकमेकांपासून फार वेगळे आहेत. म्हणून औषध लावण्याआधी त्या पट्ट्यातले उरलेले केस नीट पाहायला हवेत. केस कुठे गेले यापेक्षा जे उरलेत ते किती लांब आहेत आणि त्यांची टोकं कशी आहेत, यावरून बरंच काही कळतं.

या मुलीच्या पट्ट्यात उजेडात पाहिलं तर एकही जागा पूर्ण गुळगुळीत नाही. काही केस दोन मिलिमीटरचे खुंट आहेत, काही अर्धा सेंटिमीटरचे, काही दोन सेंटिमीटरचे, आणि मधूनच एखादा पूर्ण लांब केस तसाच उभा आहे. हात फिरवला तर खरखरीत लागतं. खालची कातडी मात्र स्वच्छ आहे. लाली नाही, खवले नाहीत. हे चित्र केस उपटण्याच्या सवयीचं आहे, आणि लांबी अशी वेगवेगळी का होते हे समजून घेण्यासारखं आहे.

डोक्यावरचा केस महिन्याला साधारण एक सेंटिमीटर वाढतो. मूल एका वेळी सगळे केस ओढत नाही. आज अभ्यास करताना चार, उद्या झोपताना सहा, असं ते चालतं. ओढलेल्या केसांपैकी काही मुळासकट निघतात, काही मधेच तुटतात, तेही प्रत्येक वेळी वेगळ्या उंचीवर. मुळासकट निघालेल्या केसाच्या जागी काही काळाने नवा केस उगवतो आणि त्याचं टोक निमुळतं असतं. तुटलेल्या केसाचं टोक मात्र बोथट किंवा फाटलेलं असतं. त्यामुळे निमुळत्या टोकाचा दोन सेंटिमीटरचा केस सुमारे दोन महिन्यांपूर्वी डोकं वर काढू लागला, असा अंदाज करता येतो. बोथट टोकाच्या केसावरून असा हिशेब करता येत नाही, कारण तो किती उंचीवर तुटला हे आपल्याला माहीत नसतं. दोन्ही प्रकारचे केस एकाच पट्ट्यात, निरनिराळ्या लांबीचे दिसले तर ओढणं एकदाच झालेलं नाही, ते अनेक आठवडे थोडं थोडं चालू आहे, असा अर्थ निघतो.

जागाही बोलते. उजव्या हाताचं मूल बहुधा त्याच बाजूला किंवा टाळूवर, म्हणजे हात सहज पोचतो तिथे ओढतं. मागचा आणि कडेचा भाग बऱ्याचदा वाचतो. काही मुलांच्या भुवया किंवा पापण्याही विरळ होतात.

आता चाई कशी दिसते ते पाहू. चाईत शरीराची रोगप्रतिकारशक्ती स्वतःच्याच केसांच्या मुळांवर उलटते. केस थोड्या दिवसांत झपाट्याने गळतो आणि गोल किंवा लांबट गोल, गुळगुळीत, तुळतुळीत चट्टा राहतो. त्यात खुंट सहसा कमी असतात. असलेच तर चट्ट्याच्या कडेला, काही मिलिमीटरचे, मुळाशी बारीक आणि वर जाड असे. त्यांचा आकार उद्गारचिन्हासारखा असल्याने डॉक्टर त्यांना तेच नाव देतात. केसाचं मूळच आजारी पडल्यामुळे तो खाली बारीक होत जातो. नखांवर टाचणीच्या टोकाएवढे खळगे दिसले तर चाईचा संशय पक्का होतो. पुन्हा केस येतात तेव्हा ते सुरुवातीला पांढरट असू शकतात, आणि एकाच सुमारास उगवल्यामुळे लांबीला बरेच सारखे असतात.

डोक्यातला गजकर्ण वेगळा. इथे बुरशी केसाच्या दांडीत शिरते आणि केस इतका ठिसूळ करते की तो कातडीच्या अगदी जवळ मोडतो. सगळे खुंट जवळपास एकाच उंचीवर राहतात, ज्वारी कापल्यावर शेतात धसकटं उरावीत तसे. भारतात आढळणाऱ्या काही बुरशी केस कातडीच्या पातळीवरच मोडतात, तेव्हा खुंटाऐवजी नुसते काळे ठिपके दिसतात. कातडीवर खवले असतात, खाज असते, आणि मानेच्या मागे लहान गाठी हाताला लागतात. घरात आणखी कोणाला खाज किंवा गोल चट्टे आहेत का हेही विचारावं, कारण कंगवा, टोपी, उशी यांतून ही बुरशी पसरते. कधी कधी पट्टा सुजून मऊ होतो आणि त्यातून पू येतो. हे बहुतेक वेळा गळू नसतं, बुरशीविरुद्ध शरीराने दिलेली तीव्र प्रतिक्रिया असते. ते कापू नये, कारण कापल्याने फायदा होत नाही. उपचार लांबला तर तिथे कायमचं टक्कल राहू शकतं.

हे फरक नेहमी इतके स्वच्छ दिसत नाहीत. काळे ठिपके तिन्हींमध्ये दिसू शकतात. चाईच्या चट्ट्याला खाज येऊन मूल तिथे ओढू लागतं तेव्हा दोन्ही चित्रं एकावर एक येतात. केमिस्टकडून घेतलेल्या ट्यूबमध्ये स्टेरॉइड असेल तर गजकर्णाची लाली आणि खवले काही काळ दबतात, आणि बुरशी मात्र आत वाढत राहते. म्हणून त्वचारोगतज्ज्ञ दोन-तीन साध्या चाचण्या करतात. पहिली, चिमटीत पन्नास-साठ केस धरून हळूच ओढून पाहणं. वाढत्या चाईत चट्ट्याच्या कडेचे केस सहज निघून येतात. केस उपटणाऱ्या मुलाचे आसपासचे केस मात्र घट्ट असतात, कारण सैल केस त्याने आधीच काढून टाकलेले असतात. दुसरी, डर्मोस्कोप नावाच्या भिंगातून टोकं पाहणं. तिसरी, खवले आणि मोडके केस काचपट्टीवर पोटॅशिअम हायड्रॉक्साइडच्या द्रावणात ठेवून सूक्ष्मदर्शकाखाली बुरशी शोधणं. बुरशीची लागण पक्की करायला कल्चरही करतात, त्याला मात्र तीन-चार आठवडे लागू शकतात. अंधारात नीलातीत दिव्याखाली काही बुरशी हिरवट चमकतात, पण आपल्याकडच्या अनेक बुरशी चमकत नाहीत. दिव्याखाली काही दिसलं नाही म्हणजे गजकर्ण नाही, असं समजू नये.

शंका उरलीच तर एक जुनी, साधी युक्ती आहे. पट्ट्यात तीन सेंटिमीटर लांब-रुंद चौकोन आठवड्यातून एकदा साफ करत राहायचा. इतका आखूड केस बोटांत धरता येत नाही. त्यामुळे काही आठवड्यांत त्या चौकोनात केस दाट आणि सारखे उगवतात, बाजूचा पट्टा मात्र खुंटांनी भरलेलाच राहतो. केसांच्या मुळांमध्ये दोष नाही, हे तेव्हा मुलालाही दिसतं. पण हे मुलाला समजावून, त्याची तयारी असेल तरच करावं. संपूर्ण डोकं भादरणं हा मात्र उपाय नाही. त्याने चाई बरी होत नाही, बुरशी मुळात राहतेच, आणि ओढणाऱ्या मुलाला ती शिक्षा वाटते.

आपल्या उदाहरणातल्या मुलीचे केस ओढल्यावर सैल निघाले नाहीत, काचपट्टीवर बुरशी दिसली नाही, नखं स्वच्छ होती. डॉक्टरांनी "तू केस उपटतेस का?" असं विचारलं नाही. विचारलं ते असं, "टीव्ही बघताना, वाचताना, झोप येत असताना तुझा हात कुठे जातो?" मुलगी थोडा वेळ गप्प राहिली, मग म्हणाली, "झोपताना केसांत फिरतो. खडबडीत केस सापडला की तो काढावासा वाटतो."

तिचं आधीचं "मला काहीच माहीत नाही" हे खोटं नव्हतं. अनेक मुलं बराच वेळ भान नसताना ओढतात. काहींना ओढण्याआधी ताण येतो आणि नंतर हायसं वाटतं. या त्रासाला ट्रायकोटिलोमॅनिया असं नाव फ्रेंच त्वचारोगतज्ज्ञ ऑलोपो यांनी 1889 मध्ये दिलं. अगदी लहान, शाळेत न जाणाऱ्या मुलांत ही सवय अंगठा चोखण्यासोबत दिसते आणि पुष्कळदा आपोआप जाते. नऊ-दहा वर्षांनंतर सुरू झाली तर ती रेंगाळण्याची शक्यता जास्त असते.

इथे एक प्रश्न चुकवून चालत नाही. ओढलेला केस मूल चघळतं किंवा गिळतं का? केस पचत नाही. गिळलेले केस जठरात साठून गोळा होऊ शकतो. पोट दुखणं, उलट्या, दोन घासांतच पोट भरणं, वजन घटणं ही त्याची लक्षणं असतात आणि मोठा गोळा शस्त्रक्रियेने काढावा लागतो. मूल केस खात असेल आणि यातलं काहीही दिसलं तर पोटाची तपासणी लगेच करून घ्यावी.

केस उपटण्यावर सर्वांत भरवशाचा उपाय औषधाचा नाही, सवय मोडण्याच्या प्रशिक्षणाचा आहे. अझरिन आणि नन या मानसशास्त्रज्ञांनी तो 1973 मध्ये मांडला. या मुलीने समुपदेशकाबरोबर आधी फक्त नोंद ठेवली, हात केव्हा वर जातो याची. उत्तर दोन वेळांचं आलं, पाढे पाठ करताना आणि दिवा घालवल्यावर. मग हात केसाकडे निघाल्याचं जाणवलं की मूठ मिनिटभर घट्ट आवळायची, असं ठरलं. रात्री डोक्याला सुती रुमाल, अभ्यासाच्या वेळी हातात रबरी चेंडू. आईने ओरडणं, "पुन्हा हात गेला ना" म्हणणं थांबवलं, कारण लाजलेलं मूल लपून ओढतं. अॅसिटिलसिस्टीन नावाच्या औषधाने प्रौढांमध्ये 2009 च्या चाचणीत फरक दिसला होता, पण 2013 मध्ये मुलांवर केलेल्या चाचणीत ते औषध नसलेल्या गोळीपेक्षा सरस ठरलं नाही. म्हणून मुलांना ते सर्रास देण्याला आधार नाही.

हेच गजकर्ण निघालं असतं तर ट्यूब पुरली नसती, कारण मलम केसाच्या मुळाशी पोचत नाही. तोंडाने घेण्याचं ग्रिसिओफल्विन किंवा टर्बिनाफिन काही आठवडे द्यावं लागतं. चाई असती तर बऱ्याच मुलांत एक-दोन लहान चट्टे वर्षभरात आपोआप भरूनही येतात. गरज पडली तर डॉक्टर स्टेरॉइडचं मलम देतात.

म्हणून घरी करायचं ते एवढंच. ट्यूब विकत घेण्याआधी पट्ट्याजवळ पट्टी धरून मोबाइलवर जवळून फोटो काढा, दर पंधरा दिवसांनी पुन्हा काढा आणि ते फोटो डॉक्टरांना दाखवा. लांबी वेगवेगळी असेल आणि कातडी स्वच्छ असेल तर मुलाचा हात कुठे जातो ते न रागावता पाहा. चट्टा गुळगुळीत असेल तर नखं पाहा. खवले, खाज किंवा पू असेल तर घरातल्या सगळ्यांची डोकी तपासून घ्या, कंगवे वेगळे करा आणि त्याच आठवड्यात त्वचारोगतज्ज्ञाकडे जा.