स्कोनचे पदर : थंड बटर, तापलेला ओव्हन

आजच्या भागात आपण स्कोन करणार आहोत. मूळचा हा स्कॉटलंडचा पदार्थ. तिथे पूर्वी तो तव्यावर भाजायचे. पुढे बेकिंग पावडर आली, ओव्हन आले आणि इंग्लंडभर दुपारच्या चहाबरोबर तो जाऊन बसला. डेव्हनमध्ये आधी क्रीम लावून वर जॅम घालतात आणि शेजारच्या कॉर्नवॉलमध्ये आधी जॅम, मग क्रीम. त्यावरून तिथे चांगली गंमतीची भांडणं चालतात. आपण त्या भांडणात पडायला नको. आपल्याला हवाय तो उंच स्कोन. मधोमध हाताने उलगडला की पदर सुटावेत, असा.

पदर म्हटल्यावर तुम्हाला चिरोटे आठवले असतील, आणि ते बरोबरच आहे. चिरोट्यात दोन पोळ्यांमध्ये आपण साटा लावतो. तुपाचा तो थर पिठाला पिठाशी चिकटू देत नाही, म्हणून तळताना पदर वेगळे होतात. स्कोनमध्ये हेच काम बटर करतं, फक्त ते लावायचं नसतं. पिठात त्याचे छोटे छोटे घट्ट तुकडे ठेवायचे असतात. आजची सगळी कृती एका गोष्टीसाठी आहे : स्कोन ओव्हनमध्ये जाईपर्यंत ते तुकडे तुकडेच राहिले पाहिजेत.

का, ते सांगते. विकतच्या बटरमध्ये साधारण 80 टक्के स्निग्ध अंश असतो आणि उरलेल्यात बहुतेक पाणी. घट्ट तुकडा पिठात असताना गरम ओव्हनमध्ये गेला की तो वितळतो, त्यातल्या पाण्याची वाफ होते आणि ती वरचा पदर उचलते. बटर जिथे होतं तिथे पोकळी राहते. त्याच वेळी भोवतालचं पीठ शिजून घट्ट होतं आणि ती पोकळी तशीच टिकते. बेकिंग पावडर सगळ्या पिठाला फुगवते, पण पदर सोडवण्याचं काम बटरचं. आता हेच बटर मळतानाच वितळलं, तर ते मैद्यात मुरतं. म्हणजे आपण शंकरपाळ्यांना कडकडीत मोहन घालतो तसंच झालं. मोहनाने खुसखुशीतपणा येतो, शंकरपाळ्यांना तोच हवा असतो, पण पदर येत नाहीत. तूप घालून का करत नाही, असं काही जण विचारतात. तुपात पाणीच नसतं, मग वाफ कुठून येणार? घरचं लोणी उलट फार ओलं आणि मऊ असतं. त्यामुळे आज मी विकतचं, मिठाचंच बटर घेतलंय. वेगळं मीठ घालत नाही.

सहा मोठ्या स्कोनसाठी मैदा 250 ग्रॅम, बेकिंग पावडर तीन सपाट चमचे, म्हणजे साधारण 12 ग्रॅम, साखर 30 ग्रॅम, बटर 80 ग्रॅम, घट्ट दही 60 ग्रॅम आणि दूध 70 मिली. दही आणि दूध एकत्र फेटून फ्रीजमध्ये ठेवा. बटरची वडी अर्धा तास फ्रीझरमध्ये. उन्हाळ्याचे दिवस असतील तर मैदासुद्धा परातीसकट वीस मिनिटं फ्रीजमध्ये ठेवा. हे ऐकून हसू येईल, पण मे महिन्यात बडोद्याच्या किंवा नागपूरच्या ओट्यावर मैदाच 36–37 अंशांवर असतो, आणि बटर 32 ते 35 अंशांत वितळतं. अशा मैद्यात थंड बटर घातलं तरी ते किती वेळ थंड राहील?

मैदा, बेकिंग पावडर आणि साखर चाळून घ्या. गोठलेलं बटर गाजर किसायच्या जाड किसणीवर थेट मैद्यावर किसा. मधून मधून कीस मैद्यात घोळवा, म्हणजे त्याचा गोळा होणार नाही. मग बोटांच्या टोकांनी हलकेच वरखाली करा, तळवा लावू नका, तळवा गरम असतो. काही तुकडे हरभऱ्याच्या डाळीएवढे दिसले पाहिजेत. इंग्लंडमधल्या जुन्या पद्धतीत बटर मैद्यात अगदी रव्यासारखं चोळतात. तो स्कोनही छान होतो, पण आतून मऊ आणि सलग. पदर हवे असतील तर तुकडे राहू द्यायचे.

आता थंड दही-दूध एकदम ओता आणि उलथन्याने किंवा सुरीने कापल्यासारखं मिसळा. गोळा कसाबसा एकत्र आला, कुठे कोरडं पीठ दिसतंय, की थांबा. कणकेसारखं मळायचं नाही. मळलं की पीठ चिवट होतं. ते वर उचललं जायच्या ऐवजी आखडतं आणि तोपर्यंत हाताच्या उबेने बटरही गेलेलं असतं.

पदरांची मुख्य कामगिरी इथे आहे. ओट्यावर थोडा मैदा भुरभुरा आणि गोळा हाताने थापून साधारण 24 बाय 12 सेंटीमीटरचा आयत करा. पत्राच्या कागदासारखी तीन पदरी घडी घाला. पुन्हा तेवढाच आयत थापा आणि पुन्हा तीन पदरी घडी. तीन त्रिक नऊ, म्हणजे पिठाचे नऊ थर झाले आणि प्रत्येक घडीत बटरचे तुकडे चपटे होऊन मध्ये पसरले. पहिल्या वेळी आयत फाटेल, कडा चिरतील. चिरू द्या, दुसऱ्या घडीला तो सावरतो. तिसरी घडी घालायचा मोह मलाही होतो, पण आपल्या हवेत दोनवर थांबलेलं बरं. तिसऱ्या घडीपर्यंत पीठ आखडायला लागतं आणि बटर मऊ झालेलं असतं. खारीला डझनावारी थर असतात, पण तिथे प्रत्येक घडीनंतर पीठ गार करत ठेवतात.

दुसरी घडी झाली की 12 बाय 12 सेंटीमीटरचा, 3 सेंटीमीटर जाडीचा चौकोन थापा. जाडीत काटकसर करू नका. स्कोन साधारण दीडपट ते दुप्पट वाढतो. दीड सेंटीमीटर थापलात तर वाढून वाढून तीन होणार. धारदार सुरीने चारही कडांची बारीक पट्टी काढून टाका, कारण घडीची कड बंद असते आणि तिथले पदर उघडत नाहीत. मग सहा आयताकृती तुकडे करा. सुरी सरळ खाली दाबायची, करवतीसारखी ओढायची नाही. गोल साच्याने किंवा वाटीने कापत असाल तर वाटी फिरवू नका. फिरवली की कडेचे थर एकमेकांना चिकटतात आणि स्कोन एका बाजूला कलतो. कलंडलेला स्कोन दिसला की निम्म्या वेळा कारण हेच असतं.

तुकडे ट्रेवर एकमेकांपासून बोटभर अंतरावर ठेवा. जवळ असले की फुगताना एकमेकांना आधार देतात आणि आडवे न पसरता वर जातात. ट्रे तसाच फ्रीझरमध्ये पंधरा-वीस मिनिटं. त्याच वेळात ओव्हन तापवायला लावा : 220 अंश सेल्सिअस, वरचा-खालचा दोन्ही रॉड चालू, किमान वीस मिनिटं. ओटीजीचा दिवा विझला म्हणजे आत सगळीकडे तेवढं तापमान आलं असं नाही. बऱ्याच ओटीजींचं बटण दहा-वीस अंश इकडेतिकडे असतं. आत ठेवायचा छोटा थर्मामीटर मिळतो, तो घ्या.

स्कोन ओव्हनमध्ये जाताना वरून दुधाचा हात द्या, पण फक्त वरून. कडेने दूध ओघळलं तर ते गोंदासारखं थर बांधून टाकतं. मधल्या खणात 16 ते 18 मिनिटं. पहिली दहा मिनिटं दार उघडू नका, उंची याच वेळात येते. वरचा भाग चांगला तांबूस, कडेचे पदर कोरडे आणि तळ सोनेरी दिसला की झाले. कडेचे पदर पांढरे आणि ओलसर असतील तर आणखी दोन मिनिटं. कन्व्हेक्शन मायक्रोवेव्ह 200 पर्यंतच जात असेल तर तीन-चार मिनिटं जास्त द्या. उंची थोडी कमी येईल. नुसत्या मायक्रोवेव्हवर मात्र हे होत नाही.

इंदूरच्या आमच्या एका वहिनींनी मला फोटो पाठवला होता. ट्रेमध्ये तेलाचं तळं, त्यात नानकटाईसारखे पसरलेले फिकट स्कोन. त्या म्हणाल्या, ‘‘अहो, बेकिंग पावडर जुनी असेल का?’’ मी म्हटलं, चमचाभर गरम पाण्यात टाकून बघा. ती फसफसली, म्हणजे ती ठीक होती. मग विचारत गेले. बटर फ्रीजमधून काढलेलं होतं, पण गोळा पोळ्यांच्या कणकेसारखा गुळगुळीत होईपर्यंत मळला होता. लाटण्याने पातळ लाटला होता. आणि ओव्हन केकचा लावतात तसा 180 वर, पंचवीस मिनिटं. त्या फोटोत हे सगळं वाचता येत होतं. ट्रेमधलं तेल म्हणजे बटर आधीच वितळलेलं, आणि ओव्हन इतका मंद की भोवतालचं पीठ घट्ट व्हायच्या आत ते बाहेर वाहून गेलं. फिकट रंगही मंद ओव्हनचाच. नानकटाईत मऊ तूप फेसतात आणि मंद आचेवर भाजतात, म्हणून ती पसरते आणि तिने पसरायलाच हवं. वहिनींनी नकळत नानकटाईची वाट धरली होती.

दुसऱ्या वेळी त्यांनी साहित्य तेच ठेवलं. बटर गोठवून किसलं, मळणं सोडलं, दोन घड्या घातल्या, तुकडे फ्रीझरमध्ये ठेवले आणि ओव्हन 220 वर. तीन सेंटीमीटरचे तुकडे पाच सेंटीमीटरच्या वर गेले. एक थोडा कलला, तो कडेचा होता आणि त्याची बंद कड कापायची राहिली होती. ट्रेवर तेलाचे दोन-चार ठिपके होते. तेवढे माझ्याही ट्रेवर असतात, त्याची काळजी नको.

स्कोन त्याच दिवशी खायचे असतात, दुसऱ्या दिवशी ते कोरडे पडतात. घरात दोनच माणसं असतील तर सहाही भाजू नका. कापलेले कच्चे तुकडे ट्रेवर कडक गोठवा, मग डब्यात भरून फ्रीझरमध्ये ठेवा. महिनाभर छान राहतात. हवे तेव्हा गोठलेलेच थेट 220 अंशांच्या ओव्हनमध्ये घाला आणि चार मिनिटं जास्त द्या. आधी बाहेर काढून मऊ होऊ देऊ नका. खरं सांगायचं तर हे गोठवलेले स्कोन ताज्यापेक्षा थोडे उंचच येतात.