मेंदी गडद, हात तसाच

लग्नाचा अल्बम तयार होत असताना नवरीकडून फोटोग्राफरला हमखास निरोप येतो, "मेंदी जरा गडद करून द्या ना." मेंदी जितकी रंगते तितकं सासूचं प्रेम, असं म्हणायची पद्धत असल्यामुळे फिकी मेंदी कुणालाच अल्बममध्ये नको असते. खरं तर दोष बहुतेक वेळा मेंदीचा नसतो, वेळेचा असतो. मेंदीच्या पानातलं लॉसोन हे द्रव्य कातडीच्या वरच्या थराला चिकटतं. लेप खरवडल्यावर ते केशरी दिसतं आणि पुढच्या एक-दोन दिवसांत गडद तपकिरी होतं. आदल्या रात्री मेंदी काढली तर मुहूर्ताला ती अर्धवटच रंगलेली असते. त्यातून तळव्याची कातडी जाड, म्हणून तिथे रंग चांगला चढतो. हाताची मागची बाजू फिकी राहते. आणि हिरवा चुडा दाखवणाऱ्या फोटोत दिसते ती नेमकी मागची बाजू.

अशा वेळी घाईतला एडिटर कॉन्ट्रास्टची पट्टी ओढतो. मेंदी उठते, पण हातही नारिंगी होतात आणि नवरीच्या चेहऱ्याशी त्यांचा मेळ राहत नाही. असं का होतं ते आकड्यांत चटकन दिसतं. फोटोतला प्रत्येक ठिपका लाल, हिरवा आणि निळा अशा तीन आकड्यांचा असतो, प्रत्येक शून्य ते 255. समजा, हळदीनंतरच्या हाताची कातडी 206, 152, 84 आहे. कॉन्ट्रास्ट वाढवला की मोठा आकडा आणखी मोठा होतो आणि लहान आकडा आणखी लहान: 222, 156, 70. लाल आणि निळ्यातलं अंतर 122 वरून 152 वर गेलं. कातडीवर रंग चढला तो इथे. लाइटरूममधली Orange ची पट्टी खाली ओढणंही याच कारणाने फसतं. आपली कातडी आणि मेंदी दोन्ही नारिंगी-तांबड्या पट्ट्यातच मोडतात, त्यामुळे मेंदीबरोबर हातही काळवंडतो.

मग दोघींना वेगळं काढायचं कसं? फोटोशॉपच्या Channels पॅनेलमध्ये तिन्ही रंग एकेक करून काळ्यापांढऱ्यात बघावेत. लाल चॅनेलमध्ये मेंदी जवळजवळ विरघळून जाते, कारण मेंदी लाल प्रकाश बऱ्यापैकी परत पाठवते. निळ्या आणि हिरव्या प्रकाशाला मात्र ती गिळते. म्हणून निळा चॅनेल सगळ्यात उपयोगी ठरेल असं वाटतं, आणि हळद लागलेली नसेल तर तोही चालतो. पण हळदीचा पिवळेपणा म्हणजेच निळ्याचा अभाव. हळद लागली की कातडीही निळ्या चॅनेलमध्ये काळपट होते आणि मेंदी तिच्यात बुडते. आपल्या उदाहरणात मेंदीची रेघ 166, 92, 50 धरली तर कातडीशी तिचं अंतर लाल रंगात 40, निळ्यात 34 आणि हिरव्यात तब्बल 60 आहे. मराठी लग्नात मेंदीमागून हळद येते, तेव्हा हिरवा चॅनेल धरावा हेच बरं. शिवाय निळ्यात दाणेही जास्त असतात.

हिरव्या चॅनेलची प्रत काढायची आणि तिच्यावरून मेंदीपुरता मास्क बनवायचा. मास्क म्हणजे झाकण: काळ्या भागात बदल पोचत नाही, पांढऱ्या भागात पूर्ण पोचतो. इथे एक अडचण येते. बोटांच्या कडेची सावली, पेरांखालचा खोलगट भाग हेही हिरव्या चॅनेलमध्ये मेंदीइतकेच काळे असतात. नुसतं Levels लावलं तर सावल्याही मेंदीत मोजल्या जातात. म्हणून आधी त्या प्रतीवर Filter मधल्या Other खालचं High Pass चालवावं. ते हळूहळू बदलणारा उजेड-अंधार सपाट राखाडी करून टाकतं आणि बारीक रेघा तेवढ्या ठेवतं. रेघ 12 पिक्सेल जाड असेल तर रेडियस 25 ते 30 ठेवावा. मग Ctrl+I करून चित्र उलटं करायचं आणि Levels मध्ये काळी खूण उजवीकडे, पांढरी डावीकडे सरकवत कातडी पूर्ण काळी आणि रेघा पांढऱ्या करायच्या. हात सोडून बाकी सगळ्यावर, म्हणजे चुडा, अंगठ्या, पैठणीचा काठ यांवर, काळा ब्रश फिरवायचा. पेरांवरच्या सुरकुत्याही काळ्या करायला विसरू नये, नाहीतर पंचविशीतल्या मुलीचे हात पन्नाशीचे दिसतात. बोटांची भरगच्च रंगवलेली टोकं High Pass मध्ये आतून पोकळ होतात. ती पांढऱ्या ब्रशने भरून घ्यावीत.

पुढचं काम सोपं. या प्रतीच्या चित्रावर Ctrl धरून क्लिक केलं की मेंदीची निवड होते. परत RGB वर येऊन Curves ची ॲडजस्टमेंट लेयर घातली की मास्क आपोआप लागतो. लेयरचा ब्लेंड मोड Normal वरून Luminosity करायचा, मग वक्ररेषेचा मधला बिंदू थोडा खाली ओढायचा. Luminosity मुळे फक्त उजेड कमी होतो आणि तिन्ही आकडे साधारण सारखेच खाली येतात. मेंदीची रेघ 166, 92, 50 वरून 145, 71, 29 च्या आसपास येते, कातडी जागची हलत नाही, आणि हिरव्यातलं अंतर 60 वरून 81 होतं. एवढ्यात मेंदी दोन दिवस मुरल्यासारखी दिसते. रंग तेवढाच आणि उजेड कमी, म्हणून ती किंचित भडक वाटू शकते. तेव्हा त्याच मास्कवर Saturation आठ-दहाने उतरवावं. त्याहून खाली नेलं की मेंदी काजळीसारखी होते.

जमलं की नाही हे नजरेवर सोडू नये, नजर सरावते. Color Sampler ने मनगटाजवळच्या कोऱ्या कातडीवर एक खूण आणि रेघेवर दुसरी खूण ठेवावी. बदल करताना Info पॅनेल आधीचा आणि नंतरचा आकडा शेजारी शेजारी दाखवतं. कातडीचा आकडा जागचा हलला तर मास्क गळतो आहे. मग फोटो 100 टक्के मोठा करून रेघेची कड बघावी. रेघेभोवती तपकिरी धूर दिसत असेल तर मास्क फार पसरला आहे.

फोटोशॉप नसेल तर लाइटरूममध्ये हातावर ब्रश फिरवून मास्क करावा, त्याला Luminance Range ने छेद द्यावा आणि Exposure 0.40 च्या आसपास कमी करावं. सावल्या इथे नीट सुटत नाहीत, पण सरळ उजेडातल्या हाताला पुरतं. Clarity टाळावी, मेंदीबरोबर शिरा आणि रोमही उठून येतात.

काही फोटोंना हे लागूच पडत नाही. मेंदी टिकावी म्हणून लावलेल्या तेलावर समोरून फ्लॅश पडला की पांढरी चकाकी येते. तिन्ही आकडे 255 झाले की तिथे रेघ उरलेलीच नसते, गडद काय करणार? फोटोआधी हात कोरडे पुसणं आणि फ्लॅश बाजूने देणं हाच त्यावर उपाय. व्हॉट्सॲपवरून आलेला फोटोही घेऊ नये. अशा फाइलमध्ये रंगाचा तपशील सहसा उजेडाच्या निम्म्याच बारकाईने साठवलेला असतो, आणि मास्कच्या कडांना चौकोनी दात पडतात. फोटोग्राफरकडून मूळ रॉ फाइल मागावी, व्हाइट बॅलन्स आधी नीट करावा आणि मगच मेंदीला हात लावावा. हिरव्या बांगड्यांचं प्रतिबिंब मनगटावर पडलेलं असेल तर तेही याच टप्प्यावर काढून टाकावं, कारण नंतर ते मास्कमध्येही शिरतं.