दीडशे डबे आणि तीन भाव

३१ मार्चला गोदामातले डबे मोजून होतात आणि आकडा वहीत पडतो. डबे दीडशेच आहेत, याबद्दल मालक, मुनीम आणि सीए यांच्यात दुमत नसतं. खरा प्रश्न पुढचा असतो: हे दीडशे डबे कोणत्या भावानं धरायचे? वर्षभरात तोच डबा चार वेगवेगळ्या भावांनी आलेला असतो आणि गोदामात उभ्या असलेल्या डब्यावर तो कोणत्या बिलातला हे लिहिलेलं नसतं. या भावावर वर्षाचा नफा ठरतो आणि नफ्यावर कर.

आपल्याकडे यासाठी दोन पद्धती चालतात. पहिलीला व्यापारी सरळ ‘फिफो’ म्हणतात. आधी आलेला माल आधी गेला असं धरायचं, म्हणजे शिल्लक राहिलेला माल सगळ्यात अलीकडच्या खरेदीचा ठरतो. दुसरी भारित सरासरीची, जिच्यात सगळ्या खरेदीची एकूण रक्कम एकूण नगांनी भागून एकच भाव काढतात. ‘भारित’ अशासाठी की तीनशे डब्यांच्या बिलाचं वजन शंभर डब्यांच्या बिलाच्या तिप्पट पडतं. नुसत्या भावांची बेरीज करून चारानं भागलं तर ते चूक. ‘शेवटी आलेला आधी गेला’ ही तिसरी पद्धत अमेरिकेत करासाठी अजून चालते, आपल्या लेखामानकांत तिला जागा नाही.

उदाहरणासाठी मार्केट यार्डातली खाद्यतेलाची एक ठोक पेढी घेऊ. माल एकच, पंधरा किलोचा डबा. आकडे हिशेबाला सोपे पडावेत असे घेतले आहेत आणि भावात आवक भाडं व हमाली धरलेली आहे, कारण माल दुकानात येईपर्यंतचा खर्च हा त्याच्या किमतीचाच भाग असतो. १ एप्रिलला शंभर डबे शिल्लक होते, १,८०० रुपये भावाचे. जूनमध्ये ३०० डबे आले १,९०० नं, ऑक्टोबरात ४०० आले २,१०० नं आणि फेब्रुवारीत २०० आले २,३०० नं. भाव वर्षभर चढताच राहिला. एकूण १,००० डबे, रक्कम २०,५०,००० रुपये. त्यातले ८५० विकले गेले, विक्री १८,७०,००० रुपयांची झाली, दीडशे उरले.

फिफोनं हे दीडशेही डबे फेब्रुवारीच्या बिलातले ठरतात. २,३०० नं त्यांची किंमत ३,४५,००० रुपये आणि ढोबळ नफा १,६५,०००. आता वर्षाची सरासरी काढू. २०,५०,००० भागिले १,००० म्हणजे डब्याला २,०५० रुपये. दीडशे डब्यांची किंमत ३,०७,५०० आणि नफा १,२७,५००. माल तोच, विक्री तीच, बँकेतली रक्कमही तीच. नफ्यात मात्र ३७,५०० रुपयांचा फरक पडला. तीस टक्के कर भरणाऱ्या पेढीला अधिभार आणि उपकर सोडूनही तो ११,२५० रुपयांना पडतो.

इथे पुष्कळ जण निष्कर्ष काढून मोकळे होतात: भाव चढते असतील तर सरासरी घ्या, कर वाचेल. हा निष्कर्ष अर्धवट आहे. या वर्षीचा अखेरचा साठा हाच पुढच्या वर्षीचा सुरुवातीचा साठा असतो. पुढच्या वर्षी हे दीडशे डबे विकले जातील तेव्हा फिफोवाल्याच्या खर्चात ३,४५,००० पडतील आणि सरासरीवाल्याच्या ३,०७,५००. म्हणजे आज कमी दिसलेला नफा तेव्हा जास्त दिसणार. कर वाचत नाही, तो पुढे ढकलला जातो. भाव सलग काही वर्षं चढत राहिले आणि गोदामही भरलेलंच राहिलं, तर हे ढकलणं लांबतं. भाव उतरले की हिशेब उलटा फिरतो.

दुसरी गोष्ट याहून महत्त्वाची आहे आणि तिच्याकडे सहसा कुणाचं लक्ष नसतं. सरासरी दोन तऱ्हांनी निघते. वर काढली ती वर्षाच्या शेवटी एकदाच काढलेली. दुसरी चालती सरासरी, म्हणजे प्रत्येक खरेदी आली की त्या वेळी हातात असलेल्या मालाबरोबर मिसळून नवा भाव काढायचा. आपल्याच पेढीवर ती चालवून पाहू. जूनची खरेदी झाल्यावर हातात ४०० डबे होते आणि त्यांची किंमत ७,५०,०००, म्हणजे डब्याला १,८७५ रुपये. ऑक्टोबरपर्यंत ३५० विकले, पन्नास उरले. त्यात २,१०० चे ४०० आले, नवा भाव २,०७५. फेब्रुवारीपर्यंत ४०० विकले, पुन्हा पन्नास उरले. त्यात २,३०० चे २०० मिसळले आणि भाव झाला २,२५५. त्यातून शंभर विकून दीडशे राहिले. त्यांची किंमत ३,३८,२५० रुपये.

हा आकडा फिफोच्या ३,४५,००० ला जवळजवळ जाऊन भिडतो आणि वर्षाच्या सरासरीपासून तीस हजारांनी दूर राहतो. कारण साधं आहे. प्रत्येक नवी खरेदी येताना जुना माल पन्नासच उरलेला होता, त्यामुळे जुन्या भावाचं वजन फार उरत नाही. वर्षाच्या सरासरीत मात्र जूनमध्ये येऊन दिवाळीपूर्वी विकून गेलेल्या डब्यांचा भावही मार्चच्या साठ्यात बसलेला असतो. म्हणून ‘फिफो की सरासरी’ या वादात ‘कोणती सरासरी’ हा प्रश्न आधी सोडवावा लागतो. लेखामानक २ मध्ये दोन्ही सरासरी चालतात, पण एक ठरवून तीच धरावी लागते. माल जितका भराभर फिरतो तितके फिफो आणि चालती सरासरी एकमेकांजवळ येतात. ज्या दुकानात हार्डवेअरचे सुटे भाग वर्षानुवर्षं पडून असतात तिथे ते दूर जातात.

आता बाजार पडला तर? समजा मार्चअखेर तेल कोसळलं आणि डबा २,२०० ला विकायची वेळ आली. दलाली आणि पोचवण्याचा खर्च मिळून डब्यामागे वीस रुपये जातील, म्हणजे हातात पडणार २,१८०. नियम असा की शिल्लक माल किमतीला किंवा निव्वळ विक्रीमूल्याला, जे कमी असेल त्याला धरायचा. आयकर कायद्यातही हेच सांगितलं आहे. फिफोचे २,३०० आणि चालत्या सरासरीचे २,२५५, दोन्ही २,१८० वर आणावे लागतात आणि साठा ३,२७,००० चा होतो. वर्षाच्या सरासरीचे २,०५० मुळातच कमी असल्यानं तिथे काही बदलत नाही. दोन पद्धतींतला ३७,५०० चा फरक १९,५०० वर आला. ही तुलना मालागणिक करायची असते. तेलात झालेला तोटा तांदळातल्या न झालेल्या नफ्यानं झाकता येत नाही.

मग निवड कशी करावी? मालाचा स्वभाव पाहावा, हे पहिलं. टाकीत सुटं तेल ओतणाऱ्याला, धान्याची थप्पी मिसळणाऱ्याला, खिळे-बोल्ट किलोवर विकणाऱ्याला सरासरी शोभते, कारण माल खरोखरच एकमेकांत मिसळतो. औषधांच्या दुकानात बॅच आणि मुदत पाहून जुनं आधी जातं, तिथे फिफो स्वाभाविक. दागिना किंवा मोटारीसारखी वस्तू नगागणिक ओळखता येते, तिला दोन्ही पद्धती लागत नाहीत. तिची स्वतःची खरेदी किंमतच धरायची.

दुसरं म्हणजे आपल्या वहीची शिस्त. फिफोचा एक मोठा फायदा असा की विक्री कोणत्या तारखेला झाली यानं त्याचं उत्तर बदलत नाही. मोजणीचा आकडा घ्यावा आणि शेवटच्या बिलापासून मागे मागे जात तेवढे नग भरावेत, झालं काम. चालत्या सरासरीला मात्र प्रत्येक नोंद तारखेच्या क्रमानं लागते. मार्चमध्ये एखादं खरेदीबिल उशिरा आलं आणि त्याआधीच विक्री टाकली गेली, तर संगणकावर साठा उणे दिसतो आणि त्यापुढचे सगळे भाव बिघडतात. तपासायची सोपी खूण अशी की सरासरीचा भाव वर्षातल्या सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात महाग खरेदीच्या मधेच पडला पाहिजे, सुरुवातीचा साठाही त्यात धरून. आपल्या डब्याचा भाव १,८०० ते २,३०० च्या बाहेर दिसला तर नोंदीत घोळ आहे हे नक्की.

टॅली वापरणाऱ्यांनी मालाच्या पानावरचं Costing Method एकदा उघडून पाहावं. तिथे बहुधा Avg. Cost असतं, कारण ते कुणी बदललेलंच नसतं. आणि मधेच FIFO केलं तर प्रोग्रॅम जुन्या नोंदींचे भावही पुन्हा मांडतो, मग सही झालेल्या ताळेबंदातला साठा आणि संगणकावरचा सुरुवातीचा साठा जुळेनासा होतो. बँकेला दरमहा स्टॉक स्टेटमेंट देणाऱ्यांनीही तीच पद्धत तिथे ठेवावी. बँकेला एक भाव आणि आयकराला दुसरा, हे चौकशीत पहिल्याच दिवशी उघडं पडतं.

पद्धत दरवर्षी बदलता येत नाही. आयकरासाठीच्या साठा-मूल्यांकनाच्या मानकात वाजवी कारणाशिवाय बदल नाही असं स्पष्ट म्हटलं आहे. यंदा भाव चढले म्हणून सरासरी आणि पुढच्या वर्षी पडले म्हणून फिफो, हे कारण वाजवी ठरत नाही. खरंच बदल करायचा असेल तर नफ्यावर किती परिणाम झाला ते हिशेबात उघड करावं लागतं.

माझं मत विचाराल तर बिलं मोजकी आणि नोंदींची शिस्त बेताची असलेल्या ठोक दुकानानं फिफो घ्यावं, कारण ते हातानं तपासता येतं. शेकडो वस्तू, रोजची आवक आणि वेळेवर नोंद करणारा मुनीम असेल तर चालती सरासरी घ्यावी. वर्षाची एकच सरासरी नियमात बसते, पण भाव हलते असताना ती मार्चच्या साठ्याला जूनचा भाव लावते, म्हणून तिच्या वाटेला शक्यतो जाऊ नये.