शाखा की उपकंपनी : देणे कुणाच्या गळ्यात?

खामगावच्या कापूसबाजारात एकेकाळी व्होल्कार्ट ब्रदर्स या स्विस पेढीची खरेदी चाले. ही पेढी १८५१ साली विंटरथूर आणि मुंबई अशा दोन गावी एकदमच उघडली होती. खामगावची कचेरी हे वेगळे कुणी नव्हते. तिथले देणे ते थेट मालक-भागीदारांचे देणे. पुढे १९५४ साली याच पेढीने टाटांसोबत व्होल्टास काढली, तेव्हा त्यांच्या यंत्रसामग्रीच्या धंद्याला भारतात स्वतंत्र कायदेशीर देह मिळाला. व्होल्टास पूर्ण मालकीची नव्हती, पण फरक कळायला ती पुरेशी आहे.

आमच्या सुलतानपुराजवळचे एक कल्पित उदाहरण घेऊ. एखाद्या परदेशी कंपनीने मेहकरात कचेरी थाटली, निर्यातीसाठी सोयाबीन उधारीवर उचलले आणि चार कोटी थकले.

ती कचेरी शाखा असेल, तर देणेकरी मूळ कंपनीच. व्यापारी इथल्या न्यायालयात तिच्यावरच दावा लावतो. समन्स घेण्यासाठी तिने भारतात राहणाऱ्या माणसाचे नाव कंपनी निबंधकाकडे नोंदवलेले असते. अडचण पुढे येते. इथे मालमत्ता नसेल तर हुकूमनामा घेऊन त्या देशात जावे लागते. सिंगापूर किंवा ब्रिटनमध्ये भारतीय हुकूमनाम्यासाठी ठरलेली वाट आहे. अमेरिकेत तशी परस्पर व्यवस्था नाही.

आता तीच कचेरी पूर्ण मालकीची उपकंपनी आहे असे धरा. भरणा भांडवल दहा लाख, गोदाम भाड्याचे, बाकी सारा पैसा मूळ कंपनीने कर्जाऊ दिलेला. उपकंपनी बुडाली तर मूळ कंपनीचे नुकसान त्या दहा लाखांपाशी आणि तिने दिलेल्या कर्जापाशी थांबते. शिवाय हे कर्ज विनातारण असले, तरी दिवाळखोरी संहितेच्या क्रमवारीत ते वित्तीय देणे म्हणून सोयाबीनवाल्याच्या आधी बसते. म्हणजे मालकच रांगेत पुढे! बाप-लेकाचे खिसे एक समजा, असे न्यायालय फसवणुकीसारख्या गोष्टी सिद्ध झाल्याशिवाय सहसा म्हणत नाही. म्हणून जाणता व्यापारी उपकंपनीशी व्यवहार करताना मूळ कंपनीची लेखी हमी किंवा बँक गॅरंटी आधी मागतो.

समोर कोण आहे हे ओळखायचे कसे? पाटी वाचून. परदेशी कंपनीने आपले नाव आणि ती ज्या देशात नोंदली आहे त्या देशाचे नाव कचेरीबाहेर इंग्रजीत व स्थानिक भाषेत, म्हणजे इथे मराठीत, लावावे असे कंपनी कायदा सांगतो. नावाशेवटी ‘इंडिया प्रायव्हेट लिमिटेड’ असेल तर ती इथली कंपनी. तिचे भरणा भांडवल कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या संकेतस्थळावर कुणालाही पाहता येते. ते पाहायला पाच मिनिटे लागतात, आणि तेवढीही कुणी खर्चत नाही.

इथवर शाखाच बरी वाटते. पण मूळ कंपनीच बुडाली तर?

५ जुलै १९९१ रोजी बीसीसीआय या बँकेवर अनेक देशांच्या नियामकांनी एकाच वेळी टाच आणली. तिची मुंबईत एक शाखा होती, आणि ती केमन बेटांवर नोंदलेल्या कंपनीची. मुंबईचे व्यवहार कसेही असोत, शाखेला स्वतंत्र अस्तित्व नसल्याने मूळ बँकेचे मरण तिचेही मरण ठरले. पुढे स्टेट बँकेने ही शाखा घेऊन त्यातून वेगळी बँक उभी केली. इथल्या ठेवीदारांसाठी बँकिंग कायद्यात थोडा आधार आहे: परदेशी बँकेने रिझर्व्ह बँकेकडे ठेवलेल्या रकमेवर भारतातल्या धनकोंचा पहिला हक्क असतो, आणि इथल्या ठेवींच्या किमान ७५ टक्के मालमत्ता भारतात राखावी लागते. शाखेभोवती घातलेले हे कुंपणच.

नोव्हेंबर २०१३ मध्ये रिझर्व्ह बँकेने परदेशी बँकांना किमान ५०० कोटी भांडवलाची पूर्ण मालकीची उपकंपनी काढण्याची चौकट दिली. ज्यांच्या मायदेशी तिथल्या ठेवीदारांना अग्रक्रम आहे, अशा नव्या बँकांना तर ती सक्तीचीच केली. सिंगापूरच्या डीबीएसने १ मार्च २०१९ पासून आपल्या भारतीय शाखा अशा उपकंपनीत आणल्या. नोव्हेंबर २०२० मध्ये लक्ष्मी विलास बँक याच उपकंपनीत विलीन झाली. आता भांडवल इथले, संचालक मंडळ इथले, आणि सिंगापुरात काही बिघडले तरी तिथल्या धनकोंना या मालमत्तेवर सरळ हात टाकता येत नाही.

या चौकटीत मूळ बँकेकडून रिझर्व्ह बँकेला एक आश्वासनपत्रही द्यावे लागते, की उपकंपनीची देणी भागवायला आम्ही पाठीशी आहोत. पण ते पत्र नियामकाला लिहिलेले असते. ठेवीदाराच्या हाती दिलेली ती हमी नव्हे.