मूळ संख्या फुटते तेव्हा

५, १३, १७, २९, ३७, ४१ या मूळ संख्या पाहा. यांतली प्रत्येक संख्या दोन वर्गसंख्यांची बेरीज आहे. ५ म्हणजे ४ अधिक १, १३ म्हणजे ९ अधिक ४, ४१ म्हणजे २५ अधिक १६. आता ३, ७, ११, १९, २३, ३१ घ्या. यांतली एकही संख्या कितीही खटपट केली तरी तशी मांडता येत नाही. पहिल्या गटातल्या कोणत्याही संख्येला ४ ने भागलं की बाकी १ उरते, आणि दुसऱ्या गटातल्या संख्येला भागलं की ३. उरला एकुलता एक सम मूळ अंक २. तो १ अधिक १ आहे, त्याचा प्रश्नच नाही.

हे मोजक्या संख्यांपुरतं नसून कायमचं खरं आहे, असं फ्रान्समधल्या पिएर द फर्मा यांनी २५ डिसेंबर १६४० रोजी मेर्सेन यांना पत्रातून कळवलं. सिद्धता मात्र दिली नाही. ती पुढे ऑयलर यांनी १७४९ च्या सुमारास पूर्ण केली, पण ती लांब आहे आणि तिच्यात बऱ्याच युक्त्या लागतात. गाउस यांनी १८३२ मध्ये संख्यांचं एक नवं, मोठं राज्य मांडलं आणि मग या प्रमेयाचं खरं कारण दिसू लागलं. मला हीच वाट सर्वांत आवडते, कारण तिच्यात प्रत्येक पायरी का टाकली ते कळतं.

अर्धं काम शाळेतल्या गणितात उरकतं. सम संख्येच्या वर्गाला ४ ने नेमका भाग जातो आणि विषम संख्येच्या वर्गाला भागल्यावर बाकी १ उरते. म्हणून दोन वर्गांच्या बेरजेची बाकी ०, १ किंवा २ असते, ३ कधीच येत नाही. ७, ११, १९ बाद झाले. उलट बाजू अवघड आहे: बाकी १ असलेली प्रत्येक मूळ संख्या दोन वर्गांत मांडता येतेच, हे कशावरून? इथे ‘मूळ’ हा शब्द महत्त्वाचा आहे. २१ ला ४ ने भागल्यावर बाकी १ उरते, तरी २१ दोन वर्गांची बेरीज नाही.

शाळेत आपण a² − b² चे अवयव पाडतो, पण a² + b² ला हात लावत नाही. उणे एकचं वर्गमूळ i वापरायची मुभा मिळाली की तेही जमतं: a² + b² = (a + bi)(a − bi). म्हणजे १३ = ९ + ४ याचाच अर्थ १३ = (३ + २i)(३ − २i). नेहमीच्या पूर्णांकांत अभेद्य असलेला १३ इथे दोन तुकड्यांत फुटतो. a आणि b पूर्णांक असतील तेव्हा a + bi या प्रकारच्या संख्यांना गाउसचे पूर्णांक म्हणतात. त्यांची बेरीज, वजाबाकी आणि गुणाकार पुन्हा त्यांच्यातच राहतात. आता आपला प्रश्न वेगळ्या शब्दांत विचारता येतो: कोणती मूळ संख्या या राज्यात फुटते?

तुकडे मोजायला एक माप लागतं. a + bi या संख्येचा नॉर्म म्हणजे a² + b². दोन संख्यांचा गुणाकार केला की त्यांच्या नॉर्मचाही गुणाकार होतो. i नव्हता तेव्हाही ही गोष्ट माहीत होती. दोन वर्गांच्या दोन बेरजांचा गुणाकार पुन्हा दोन वर्गांची बेरीज असतो, हे सूत्र ब्रह्मगुप्तांनी इ.स. ६२८ मधल्या ‘ब्राह्मस्फुटसिद्धान्ता’त याहून व्यापक रूपात दिलं आहे. नॉर्म १ असलेल्या संख्या फक्त चार, १, −१, i आणि −i. त्यांनी गुणलं तरी काही फुटत नाही.

आता ७३ ही संख्या घेऊ. ७३ चा नॉर्म ७३ × ७३ आहे. ती खरोखर दोन तुकड्यांत फुटली, तर तुकड्यांच्या नॉर्मचा गुणाकार ७३ × ७३ आला पाहिजे, आणि कोणत्याच तुकड्याचा नॉर्म १ नाही. ७३ मूळ असल्यामुळे दोन्ही नॉर्म ७३ च असणार. एका तुकड्याला a + bi म्हणा, की a² + b² = ७३. बस्स, दोन वर्ग मिळाले. तेव्हा ७३ फुटते, एवढंच दाखवायचं उरलं.

त्यासाठी आधी असा x हवा, की x² + १ ला ७३ ने भाग जाईल. तो नेहमी असतो का, हे १३ वर पाहू, कारण अंक लहान आहेत. १ ते १२ या संख्यांचा गुणाकार करायचा आणि १३ ने भागून बाकी पाहायची. २ × ७, ३ × ९, ४ × १०, ५ × ८, ६ × ११ या प्रत्येक जोडीची बाकी १ आहे. जोडीशिवाय उरले १ आणि १२. म्हणून सगळ्या गुणाकाराची बाकी १२, म्हणजेच −१. आता तोच गुणाकार दुसऱ्या तऱ्हेने पाहा. बाकीच्या हिशेबात १२ म्हणजे −१, ११ म्हणजे −२, आणि असं करत ७ म्हणजे −६. उणे चिन्हं सहा, म्हणजे सम आहेत, ती एकमेकांना खाऊन टाकतात. राहिला १ ते ६ च्या गुणाकाराचा वर्ग. तो गुणाकार ७२०, त्याची बाकी ५. आणि खरंच, ५ × ५ + १ = २६ ला १३ ने भाग जातो. उणे चिन्हं सम असण्याचं कारण एवढंच, की १३ ला ४ ने भागल्यावर बाकी १ उरते. ११ घेतलात तर उणे चिन्हं पाच होतात आणि डाव मोडतो. हाच युक्तिवाद शब्दशः ७३ लाही लागू पडतो.

पण ७३ साठी १ ते ३६ चा गुणाकार करत बसणं कंटाळवाणं आहे. जवळची वाट अशी: एखादी संख्या घेऊन तिचा १८ वा घात काढायचा, कारण ७२ चा चौथा हिस्सा १८. ७३ ने भाग न जाणाऱ्या कोणत्याही संख्येच्या ७२ व्या घाताची बाकी १ असते. म्हणून ३६ व्या घाताची बाकी १ किंवा −१ असते. ती −१ आली, तर १८ वा घात हाच आपला x. २ घेऊन पाहिलं तर १८ व्या घाताची बाकी १ येते, ३ घेतला तर ७२, म्हणजे −१. दोन्हींचा वर्ग १, उपयोग नाही. अशी बाकी १ किंवा −१ दिसली की ओळखायचं आणि दुसरी संख्या घ्यायची. १ ते ७२ मधल्या नेमक्या अर्ध्या संख्या चालतात. ५ चालतो. त्याचा वर्ग २५, चौथ्या घाताची बाकी ४१, आठव्याची २, सोळाव्याची ४, आणि ४ × २५ = १०० म्हणून अठराव्याची २७. पडताळा घ्या: २७ चा वर्ग ७२९, अधिक १ केले की ७३०, म्हणजे ७३ × १०.

आता ७३० = (२७ + i)(२७ − i). या गुणाकाराला ७३ ने भाग जातो. पण २७ + i ला जात नाही आणि २७ − i लाही नाही, कारण i च्या सहगुणकाला, १ ला, ७३ ने भाग जाणं शक्यच नाही. अभेद्य संख्या गुणाकाराला भागत असेल तर ती त्यातल्या एका तरी अवयवाला भागते. ७३ तसं करत नाही, म्हणून ती अभेद्य नाही. ती फुटलीच.

इथे सावध वाचक थांबेल, आणि थांबायलाच हवं. ‘एका तरी अवयवाला भागते’ हा नियम नेहमीच्या पूर्णांकांत खरा आहे, पण नव्या राज्यात तो फुकट मिळत नाही. त्याचा आधार आहे बाकीसह भागाकार. गाउसचे पूर्णांक आलेख कागदावरच्या छेदबिंदूंसारखे पसरलेले असतात. दोन संख्यांचा भागाकार केल्यावर उत्तर एखाद्या चौकटीत कुठेतरी पडतं. त्या चौकटीचा जवळचा कोपरा जास्तीत जास्त अर्ध्या कर्णाइतका, म्हणजे सुमारे ०.७०७ इतका दूर असतो. हे अंतर १ पेक्षा कमी असल्याने बाकीचा नॉर्म भाजकाच्या नॉर्मपेक्षा नेहमी लहान राहतो. मग युक्लिडच्या रीतीने मसावि काढता येतो. ७३ अभेद्य असती आणि २७ + i ला भागत नसती, तर दोघांचा मसावि १ झाला असता आणि युक्लिडच्या पायऱ्या उलट्या चालून ७३s + (२७ + i)t = १ असे s आणि t मिळाले असते. दोन्ही बाजूंना २७ − i ने गुणा. डावीकडच्या दोन्ही पदांना ७३ ने भाग जातो, म्हणून उजवीकडच्या २७ − i लाही गेला पाहिजे. तो जात नाही, हे वर पाहिलंच.

हीच मसाविची रीत प्रत्यक्ष वर्गही शोधून देते. ७३ ला २७ + i ने भागा. उत्तर २.७ − ०.१i येतं, जवळचा कोपरा ३. बाकी: ७३ − ३(२७ + i) = −८ − ३i. पुढे २७ + i ला ८ + ३i ने भागलं तर ३ − i येतं, बाकी काही नाही. मसावि ८ + ३i, आणि ६४ + ९ = ७३. इथे चाचपडावं लागत नाही; शंभर अंकी मूळ संख्येलाही संगणक याच पायऱ्यांनी तिचे दोन वर्ग झटकन काढून देतो. नव्या राज्यातही अवयव एकाच तऱ्हेने पडतात, म्हणून ७३ ची दुसरी कोणतीही वर्गांची जोडी नाही.

सगळा भार त्या ०.७०७ वर आहे. i ऐवजी −५ चं वर्गमूळ घेतलं की चौकटी उभ्या ताणल्या जातात आणि अर्धा कर्ण १ पेक्षा मोठा होतो. मग ६ चे अवयव २ × ३ असे पडतात आणि (१ + √−५)(१ − √−५) असेही, नि हे चारही अवयव अभेद्य आहेत. परिणाम लगेच दिसतो. ३ × ३ + ५ = १४ ला ७ ने भाग जातो, म्हणून वरच्या चालीने ७ ही संख्या a² + ५b² अशी मांडता यायला हवी. पण ७ मधून ५ वजा केले तर २ उरतात, आणि २ हा कशाचाच वर्ग नाही. ७ फुटत नाही.