एक्स्टर्नलसमोर ग्रेटिंग

बी.एस्सी.च्या प्रॅक्टिकल परीक्षेत ग्रेटिंगचा प्रयोग वाट्याला आला की मुलं मनातल्या मनात खूश होतात. रीडिंग्ज लवकर येतात, आकडेमोड दोन ओळींची असते, आणि सोडियमच्या पिवळ्या प्रकाशाची तरंगलांबी ५८९ नॅनोमीटर येणार हे आत शिरण्याआधीच पाठ असतं. अडचणही नेमकी तिथेच आहे. उत्तर सगळ्यांचंच बरोबर येत असेल, तर बाहेरून आलेल्या परीक्षकाला, म्हणजे एक्स्टर्नलला, कोणी समजून केलं आणि कोणी उरकलं हे कळणार कसं? मग तो जर्नल बाजूला ठेवतो आणि व्हायवा सुरू होते.

मांडणी साधी आहे. सोडियमच्या दिव्यासमोर स्पेक्ट्रोमीटर असतो. त्याच्या एका नळीच्या टोकाला बारीक फट असते. ही नळी म्हणजे कॉलिमेटर. फटीतून आलेला प्रकाश ती समांतर करून पुढे सोडते. मधल्या गोल टेबलावर ग्रेटिंग उभं करतात. समोरून फिरणाऱ्या दुर्बिणीतून डोळा लावून पाहायचं, आणि दुर्बीण किती अंश फिरली ते खालच्या वर्तुळाकार पट्टीवर वाचायचं. ग्रेटिंग म्हणजे अगदी जवळजवळ समांतर रेघा असलेला पारदर्शक तुकडा. त्यातून गेलेला प्रकाश सरळ तर जातोच, शिवाय दोन्ही बाजूंना ठरावीक कोनांत वळतो. या वळण्याला विवर्तन म्हणतात, आणि त्याचा हिशोब एवढाच: d sin θ = nλ. इथे d म्हणजे लगतच्या दोन रेघांमधलं अंतर, θ म्हणजे वळण्याचा कोन, λ तरंगलांबी आणि n म्हणजे कितवी प्रतिमा, अर्थात ऑर्डर.

पहिला प्रश्न बहुधा मऊ असतो: ‘ग्रेटिंगवर १५,००० लिहिलंय. त्याचं काय केलंत?’

उत्तर असं द्यावं: ‘सर, त्या एका इंचातल्या रेघा आहेत. २.५४ सेंटिमीटरला १५,००० ने भागलं की दोन रेघांमधलं अंतर मिळतं. ते साधारण १,६९३ नॅनोमीटर येतं, म्हणजे पिवळ्या प्रकाशाच्या तरंगलांबीच्या तिपटीला थोडं कमी.’ घाईत इंच विसरून एका सेंटिमीटरात १५,००० रेघा धरणारे बरेच असतात. तसं केलं तर तरंगलांबी २३२ नॅनोमीटर येते. हा अतिनील प्रकाश झाला, तो डोळ्याला दिसतच नाही. समोर पिवळी रेषा दिसत असताना वहीत न दिसणाऱ्या प्रकाशाची तरंगलांबी लिहिली गेली, तर चूक कुठे आहे ते तिथल्या तिथे कळायला हवं.

यानंतर एखादा परीक्षक कागदाचा कपटा हातात घेऊन विचारतो, ‘हा लावून मी अर्धं ग्रेटिंग झाकलं, तर कोन किती बदलेल?’ निम्म्या रेघा गेल्या म्हणजे कोनही निम्मा झाला असेल, असं वाटणं अगदी स्वाभाविक आहे. पण कोन ठरतो तो रेघांमधल्या अंतरावर, आणि ते अंतर कागदाने बदलत नाही. प्रतिमा तिथेच राहील, फक्त मंद होईल आणि किंचित रुंदावेल. रेघा जितक्या जास्त, तितकी प्रतिमा अरुंद आणि ठळक. जागा मात्र तीच. ‘d जागा ठरवतो, एकूण रेघा धार ठरवतात’ एवढं वाक्य बोललं तरी परीक्षक पुढे सरकतो.

खरी परीक्षा पुढच्या प्रश्नात आहे. ‘ग्रेटिंग प्रकाशाला काटकोनात बसवायला एवढा वेळ का घालवलात?’

आधी कृती सांगावी. दुर्बीण फटीच्या सरळ प्रतिमेवर आणायची, तिथून बरोबर ९०° फिरवून पक्की करायची. मग टेबल फिरवत न्यायचं, ग्रेटिंगच्या काचेवरून परावर्तित झालेली फटीची प्रतिमा दुर्बिणीतल्या उभ्या तारेवर येईपर्यंत. या क्षणी ग्रेटिंग येणाऱ्या किरणांशी ४५° चा कोन करून उभं असतं. आता टेबल योग्य दिशेने नेमकं ४५° फिरवलं की किरण ग्रेटिंगवर काटकोनात पडतात. टेबल नंतर हलवायचं नाही, फिरवायची ती फक्त दुर्बीण.

एवढं केल्यावर ‘का?’ उरतोच. कारण d sin θ = nλ हे सूत्र लंबरूप पडणाऱ्या प्रकाशापुरतंच खरं आहे. किरण तिरपे आले, तर त्या तिरपेपणाचा वाटा एका बाजूला मिळवला जातो आणि दुसऱ्या बाजूला वजा होतो. समजा, ग्रेटिंग अवघं २° चुकलं. काटकोनात असताना सोडियमची पहिली प्रतिमा दोन्हीकडे २०°२२′ वर दिसायला हवी. २° च्या चुकीने ती एका बाजूला २०°३१′ वर आणि दुसऱ्या बाजूला २०°१५′ वर जाते. नुसती पहिली बाजू धरून हिशोब केला तर तरंगलांबी ५९३.४ नॅनोमीटर येते, नुसती दुसरी धरली तर ५८६. दोन्ही कोनांची सरासरी घेतली की ५८९.७ येते, म्हणजे जवळपास बरोबर. डावं-उजवं दोन्हीकडचं रीडिंग घेऊन निम्मं करण्याचा हा मोठा फायदा आहे. आणि डावा-उजवा कोन एकमेकांशी जुळतो का, हीच काटकोन साधल्याची चाचणी. आपल्या स्पेक्ट्रोमीटरचा लीस्ट काउंट एक मिनिट असतो. सोळा मिनिटांची तफावत त्यावर लपत नाही. जर्नलमध्ये ती दिसत असूनही विद्यार्थ्याने मुकाट सरासरी काढली असेल, तर परीक्षक बोट तिथेच ठेवतो. अशा वेळी ‘टेबल थोडं तिरपं राहिलं असावं, पण सरासरीत चूक बरीच निघून जाते’ हे उत्तर गुण वाचवतं, कारण ते खरं आहे. ‘दिव्याचा दोष’ म्हणू नये.

दोन व्हर्निअर कशाला, हा प्रश्न इथेच जोडून येतो. दुर्बीण ज्या अक्षाभोवती फिरते तो अक्ष आणि वर्तुळाकार पट्टीचं केंद्र तंतोतंत एकावर एक नसतात. त्यामुळे एका व्हर्निअरवर कोन थोडा जास्त वाचला जातो, तर समोरच्यावर तेवढाच कमी. दोघांची सरासरी ही चूक काढून टाकते. डाव्या-उजव्याची सरासरी आणि दोन व्हर्निअरची सरासरी या वेगवेगळ्या रोगांवरच्या वेगवेगळ्या गोळ्या आहेत. अनेकजण त्या एकच समजतात. व्हर्निअरचा आणखी एक सापळा म्हणजे शून्य ओलांडणं. डावं रीडिंग ३३९°३८′, उजवं २०°२२′. थेट वजाबाकी केली की ३१९°१६′ येतात आणि विद्यार्थी गोंधळतो. दुर्बीण मधे ३६०° ओलांडून गेली आहे, हे ध्यानात घेतलं की खरा फरक ४०°४४′ निघतो, आणि त्याच्या निम्मे २०°२२′.

‘तिसरी ऑर्डर का घेतली नाहीत?’ हा प्रश्न मला स्वतःला फार आवडतो, कारण त्याचं चुकीचं उत्तर अतिशय पटण्यासारखं असतं. ‘ती फार मंद असते, सर.’ खरं पाहता या ग्रेटिंगला सोडियमची तिसरी ऑर्डर नाहीच. दुसरी ४४°७′ च्या आसपास सापडते. तिसरीसाठी sin θ काढला की १.०४ येतो, आणि एकापेक्षा मोठा साइन असलेला कोन अस्तित्वात नसतो. d ला λ ने भागलं की २.८७ येतात, त्यातला पूर्णांक २ म्हणजे शेवटची ऑर्डर. अंधाऱ्या खोलीत दुर्बीण ९०° पर्यंत ढकलत तिसरी रेषा शोधणारी मुलं दरवर्षी दिसतात. कागदावरचा एक भागाकार त्यांचा तेवढा वेळ वाचवू शकतो.

रंगांच्या क्रमाचा प्रश्न झटपट संपतो. प्रिझममध्ये जांभळा सर्वांत जास्त वळतो, ग्रेटिंगमध्ये लाल, कारण इथे sin θ तरंगलांबीच्या प्रमाणात वाढतो. पाऱ्याचा दिवा लावला तर याच ग्रेटिंगमधून जांभळी रेषा १३°५०′ वर, हिरवी १८°४९′ वर आणि पिवळी २०° च्या जवळ दिसते. मधली सरळ प्रतिमा मात्र रंगांत फुटत नाही. तिथे n शून्य असल्यामुळे सगळे रंग एकाच जागी पडतात.

मग शेवटचा, हुशार मुलांसाठी राखलेला: ‘सोडियमची रेषा एक की दोन?’

दोन. ५८९.० आणि ५८९.६ नॅनोमीटर. ‘मग तुम्हाला एकच का दिसली?’ इथे पुस्तकी उत्तर ग्रेटिंगच्या पृथक्करण क्षमतेकडे पळतं, पण दोष ग्रेटिंगचा नाही. या दोन रेषा वेगळ्या दाखवायला पहिल्या ऑर्डरमध्ये सुमारे हजार रेघा पुरतात, आणि तेवढ्या रेघा आपल्या ग्रेटिंगच्या पावणेदोन मिलिमीटर पट्ट्यात मावतात. अडचण कोनाची आहे. पहिल्या ऑर्डरमध्ये दोघींमधलं अंतर जेमतेम १.३ मिनिटं भरतं. फट जराशी रुंद ठेवली की त्या एकमेकींत मिसळतात. दुसऱ्या ऑर्डरमध्ये हेच अंतर ३.४ मिनिटं होतं. फट केसासारखी अरुंद करा, दुर्बिणीचा फोकस पुन्हा नीट करा, दुसऱ्या ऑर्डरला जा, आणि त्या वेगळ्या दिसतात. परीक्षकाने हा प्रश्न विचारल्यावर ‘दाखवू का, सर?’ म्हणणारा विद्यार्थी क्वचित भेटतो, पण भेटतो.

याच पिवळ्या जोडीच्या शेजारी, ५८७.६ नॅनोमीटरवर, हेलियमची रेषा असते. आपल्या ग्रेटिंगवर ती २०°१८′ ला, सोडियमपासून चार मिनिटं अलीकडे पडेल. हेलियमचा शोध विजयदुर्गावर लागला असं आपल्याकडे अभिमानाने सांगतात, आणि कोकणातला एखादा एक्स्टर्नल तेही विचारतो. १८ ऑगस्ट १८६८ च्या खग्रास ग्रहणाच्या वेळी फ्रेंच खगोलशास्त्रज्ञ जान्सेन गुंटूरला होता. नॉर्मन लॉकियरने सूर्याच्या कडेवरची ही पिवळी रेषा त्याच वर्षी इंग्लंडमधून पाहिली आणि ती सोडियमच्या जोडीशी जुळत नाही हे ओळखलं. विजयदुर्गला तो आला, पण १८९८ च्या ग्रहणासाठी.