आर्वो, सर्वो आणि रेजो

१९ जानेवारी २०२१ला अजिंक्य रहाणेच्या संघानं ब्रिस्बेनमध्ये ऑस्ट्रेलियाला हरवलं, तेव्हा मराठी वर्तमानपत्रांपासून चहाच्या टपरीपर्यंत ‘गाबा’ हा शब्द सगळ्यांच्या तोंडी होता. तो कुणाला परका वाटला नाही. मात्र हे त्या मैदानाचं लाडकं नाव आहे. मैदान ज्या उपनगरात आहे त्याचं नाव वुलनगाबा. एवढं लांब नाव कोण घेत बसणार, म्हणून तिथल्या लोकांनी त्याचं शेपूट तेवढं ठेवलं. मेलबर्नच्या मैदानाच्या ‘एमसीजी’ या आद्याक्षरांवरही त्यांचं भागलं नाही, ते नुसतं ‘द जी’ म्हणतात.

क्रिकेटपुरतं हे ठीक आहे. पण शिक्षणासाठी किंवा नोकरीसाठी सिडनी-मेलबर्नला पोहोचलेल्या माणसाला पहिल्याच आठवड्यात कामावरच्या सोबत्याचा असा निरोप येऊ शकतो: ‘बार्बी ॲट रॉबोज धिस आर्वो. डेव्होज गॉट द स्नॅग्ज. स्टॉप ॲट द बॉटलो ऑन द वे. ब्रिंग योर सनीज, अँड समथिंग फॉर द मॉझीज.’ पुण्यात इंग्रजी माध्यमात शिकून परीक्षेत उत्तम गुण मिळवलेला मुलगाही हे वाचून थबकेल. बार्बी म्हणजे बाहुली नव्हे, बार्बेक्यू. रॉबो म्हणजे रॉबर्ट किंवा रॉबिन्सन, आणि डेव्हो म्हणजे डेव्हिड. आर्वो म्हणजे आफ्टरनून, तेव्हा बोलावणं आज दुपारचं आहे. स्नॅग हे सॉसेजचं तिकडचं नाव, ते काही कशाचं आखूड रूप नाही. बॉटलो म्हणजे दारूचं दुकान. सनीज म्हणजे गॉगल आणि मॉझी म्हणजे मॉस्किटो, आपला डास. वाटेत पेट्रोल भरायचं असेल तर सर्वोवर थांबायचं. सर्व्हिस स्टेशन म्हणजे आपला पेट्रोलपंप, त्याचं सर्वो झालं.

वाचताना हे उलगडतं, ऐकताना मात्र पंचाईत होते, आणि त्याचं कारण उच्चारात आहे. ऑस्ट्रेलियन बोलीत स्वरानंतरचा ‘र’ उच्चारत नाहीत. त्यामुळे ‘आर्वो’ कानावर येतो तो ‘आवो’ असा, ‘बार्बी’ ऐकू येते ‘बाबी’ आणि ‘सर्वो’ होतो ‘सवो’. आपण मराठी माणसं प्रत्येक ‘र’ ठणठणीत म्हणतो, म्हणून कागदावर पाहिलेला शब्द आणि कानावर पडलेला शब्द एकच आहे हे लक्षात यायला वेळ लागतो. आफ्टरनूनमध्ये ‘व’ कुठून आला, हा प्रश्नही रास्त आहे. ‘आफ’ला ‘ओ’ जोडताना दोन स्वरांमध्ये सापडलेला ‘फ’ मऊ होऊन ‘व’ झाला. मॉस्किटोतल्या ‘स’चा ‘झ’ झाला तो याच वळणानं. ऑस्ट्रेलियन माणसासाठीचा ‘ऑझी’ हा शब्दही तसाच. त्याला ‘ऑसी’ म्हणणारा बाहेरचा, हे तिथं लगेच ओळखतात.

शब्द कुठं तोडायचा याला नियम आहे. पहिलं अक्षर घ्यायचं, त्याच्या पुढचं जे व्यंजन त्याला चिकटून राहू शकेल तेही ओढून घ्यायचं, आणि शेवटी ‘ओ’ किंवा ‘ई’ लावायची. ॲम्ब्युलन्समधून ‘ॲम्ब’ काढलं की ॲम्बो, म्हणजे रुग्णवाहिकेवरचा कर्मचारी. ब्रेकफास्टमधून ‘ब्रेक’ काढलं की ब्रेकी. तोडायचं ते कानानं, स्पेलिंग पाहून नाही. म्हणून वाहनाच्या रजिस्ट्रेशनचा शब्द ‘रेगो’ वाचावासा वाटला तरी म्हणायचा ‘रेजो’, आणि म्युझिशियनचा होतो ‘म्यूझो’.

हा नियम आपल्याला अगदीच नवा नाही. प्रकाशचा पक्या, दिलीपचा दिल्या आणि सचिनचा सच्या आपण असाच करतो. पुढचा तुकडा धरायचा, मागचा टाकायचा आणि ‘या’ लावायचा. कुणाला पक्या म्हणायचं आणि कुणाला नाही, हेही आपल्याला न शिकवता कळतं. फरक इतकाच की आपण हे माणसांच्या नावांपुरतं ठेवलं. पेट्रोलपंपाचा आपण कधी पेट्र्या केला नाही. ऑस्ट्रेलियन लोकांनी ते दुपारला, डासाला, न्याहारीला आणि सरकारी कागदालाही लागू केलं.

हे समजलं की एक जुना गैरसमज आपोआप निकालात निघतो. ही माणसं आळशी आहेत, तोंड उघडायचा कंटाळा करतात, असं गमतीनं सांगितलं जातं. माश्या तोंडात जाऊ नयेत म्हणून ती आखूड बोलतात, असाही एक विनोद आहे. पण श्रम वाचवायचे असते तर जॉनचा ‘जॉनो’ कशाला झाला असता? तो तर मूळ नावापेक्षा लांब आहे. बॅरीचा ‘बॅझा’ आणि शॅरनची ‘शॅझा’ करूनही काही वाचत नाही. (या नावांत मधला ‘र’ जाऊन ‘झ’ येतो.) भाषाशास्त्रज्ञ ॲना व्हिएझबिट्स्का मूळच्या पोलंडच्या, नंतर कॅनबेरात स्थायिक झालेल्या. या बोलीकडे त्यांनी बाहेरून आलेल्या माणसाच्या नजरेनं पाहिलं. १९८०च्या दशकात त्यांनी असं मांडलं की ‘मॉझी’, ‘प्रेझी’ ही रूपं लहान मुलांच्या बोबड्या बोलांसारखी लाडिक नाहीत. बोलणारा त्यातून त्या वस्तूचं महत्त्व जरा कमी करतो. डास काही एवढी मोठी गोष्ट नाही, भेटवस्तूचंही फार कौतुक नको, आपण दोघं एकाच पातळीवरचे आहोत, असा त्यात सूर असतो. मला हे पटतं, कारण तिथं अशा शब्दांत बोलणारे बहुतेकदा दणकट, कष्टाची कामं करणारे लोक असतात. विटा रचणारा ब्रिकी, सुतार चिपी, वीजतंत्री स्पार्की, ट्रक चालवणारा ट्रकी, आणि हे सगळे कारागीर मिळून ट्रेडी. कामातली चहाची सुट्टी म्हणजे स्मोको. आता तिथं कुणी विडी ओढो न ओढो, नाव तेच राहिलं.

‘ओ’चा इतिहास जरा वेगळा आहे. त्याचा एक धागा फेरीवाल्यांच्या आरोळ्यांपर्यंत जातो. गल्लीतून ‘मिल्क-ओ’ असा पुकारा करत दूधवाला यायचा, ‘रॅबिट-ओ’ ओरडत सशाचं मांस विकणारा यायचा, आणि रिकाम्या बाटल्या गोळा करणारा ‘बॉटल-ओ’ म्हणायचा. आरोळीवरून माणसाला नाव पडलं. पुढं बाटल्या गोळा करणारा नाहीसा झाला आणि त्याचं नाव भरलेल्या बाटल्या विकणाऱ्या दुकानाला चिकटलं. सिडनीत १९०८मध्ये स्थापन झालेला ‘साउथ सिडनी रॅबिटोज’ हा रग्बी लीग संघ आजही त्या सशावाल्यांची आरोळी नावात मिरवतो.

शब्द कुठं तोडायचा ते सांगता येतं, पण पुढं ‘ओ’ लावायचा की ‘ई’, हे सांगता येत नाही. कचरा उचलणारा गार्बो, पण पत्र आणणारा पोस्टी. पत्रकार जर्नो, पण आग विझवणारा फायरी. नवख्या माणसानं अंदाजानं ‘पोस्टो’ म्हटलं तर अर्थ कळेल, पण हसूही येईल. कधी एकाच मुळाला दोन्ही प्रत्यय लागतात आणि अर्थ पार बदलतो. ‘सिको’ म्हणजे विकृत मनोवृत्तीचा माणूस. आणि ‘सिकी’ म्हणजे आजारपणाची रजा, पण बहुतेक वेळा बरं असताना मारलेली दांडी. हा शब्द नव्या माणसाला खड्ड्यात घालू शकतो. खरोखर ताप आलेला असताना साहेबाला ‘मी आज सिकी घेतोय’ असं कळवलं तर त्यातून नेमका उलटा अर्थ निघू शकतो. तिथं साधं ‘सिक लीव्ह’ म्हणावं.

माणसांच्या गटांना हा नियम लावताना तर फारच जपायला हवं. दुसऱ्या महायुद्धाच्या आगेमागे युरोपातून आलेल्या निर्वासितांना ‘रेफो’ म्हणत, आणि त्यात आपुलकी नव्हती, हेटाळणी होती. ऑस्ट्रेलियातल्या मूलनिवासींसाठीच्या इंग्रजी शब्दाचं याच पद्धतीनं केलेलं आखूड रूप तर उघड शिवी आहे. नियमानं शब्द बरोबर तयार होतो, पण तो कधीही उच्चारायचा नाही. म्हणून नवख्यानं स्वतः शब्द बनवू नयेत, कानावर आलेलेच वापरावेत.

आपल्याकडे पक्या हा कट्ट्यावरचा, कचेरीत तो प्रकाशराव होतो. तिथं ही सीमा बरीच ढिली आहे. न्यू साउथ वेल्स राज्याच्या सरकारी सेवेत वाहनाची नोंदणी तपासायला गेलात तर तिथंही ‘रेजो’ हाच शब्द भेटतो. साल्व्हेशन आर्मी स्वतःच्या जुन्या कपड्यांच्या दुकानांवर ‘साल्व्होज’ लिहिते. मॅकडोनाल्ड्सला लोक ‘मॅकाज’ म्हणतात. २०१३च्या जानेवारीत, ऑस्ट्रेलिया दिनाच्या निमित्तानं, कंपनीनं काही दुकानांच्या पाट्याच तशा बदलल्या. २०२२मध्ये पंतप्रधान झालेले अँथनी अल्बनीज यांना पाठीराखे आणि विरोधक दोघंही ‘अल्बो’ म्हणतात, आणि त्यात कुणाला उद्धटपणा वाटत नाही. अर्थात नोकरीच्या अर्जात, कोर्टात किंवा विद्यापीठाच्या निबंधात हे शब्द चालत नाहीत. पण डॉक्टर मात्र तुम्हाला ‘आर्वोला या’ असं सहज सांगेल.

कारखाना अजून बंद पडलेला नाही. करोनाच्या काळात आयसोलेशनचं ‘आयसो’ झालं आणि हातावर चोळायच्या सॅनिटायझरचं ‘सॅनी’. कॅनबेरातल्या ऑस्ट्रेलियन नॅशनल डिक्शनरी सेंटरनं २०२०चा शब्द म्हणून ‘आयसो’च निवडला. ‘सेल्फी’ची सर्वांत जुनी ज्ञात नोंदही २००२ सालची, आणि तीही ऑस्ट्रेलियातलीच. सेल्फ-पोर्ट्रेटला ती ‘ई’ लावणारी सवय कुठली, हे आता सांगायला नको.

पण तिथल्या लोकांचंही आपसात एकमत असतं असं नाही. कोंबडीच्या तळलेल्या कापावर टोमॅटोचा सॉस आणि चीज घालून जो पदार्थ पबमध्ये मिळतो, त्याचं पूर्ण नाव चिकन पार्मिजाना. मेलबर्नमध्ये तो ‘पार्मा’, तर सिडनी-ब्रिस्बेनकडे ‘पार्मी’. पोहण्याच्या कपड्यांना सिडनीत ‘कॉझी’, मेलबर्नमध्ये ‘बेदर्स’ आणि क्वीन्सलँडमध्ये ‘टॉग्ज’. या वादात नव्या माणसानं पडू नये. ज्या शहरात आहोत तिथला शब्द म्हणावा आणि पार्मा गरम असतानाच खावा.